दुकानाच्या हिशेबाची मराठी-इंग्रजी शब्दसूची करताना या चुका टाळा

किराणा दुकानासाठी अशी सूची करणारे बहुतेक जण एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द लिहीत सुटतात, आणि ही घाई सर्वांत आधी 'क्रेडिट'पाशी अंगाशी येते. 'क्रेडिट म्हणजे जमा' एवढेच लिहिणे पुरेसे नाही, कारण विक्रीच्या बिलावर 'क्रेडिट' लिहिलेले असते तेव्हा माल उधारीवर गेलेला असतो.

माझ्या माहितीतल्या एका दुकानात नव्या मुलाने अशाच सूचीवर विसंबून ४,८०० रुपयांचे 'क्रेडिट' बिल रोख जमा म्हणून नोंदवले. रात्री वहीप्रमाणे रोख शिल्लक ११,३०० रुपये होती आणि गल्ल्यात ६,५०० निघाले, तेव्हा मालकांनी साहजिकच मुलावर संशय घेतला. अशा वेळी फरकाची रक्कम एखाद्या बिलाशी तंतोतंत जुळते का, हे मी आधी पाहतो, आणि इथे ती जुळली. विक्री खाते जमा झाले होते ते बरोबरच होते. पण ग्राहकाचे खाते नावे पडण्याऐवजी रोकड खाते नावे पडले होते, त्यामुळे त्या ग्राहकाकडे येणे दिसतच नव्हते. दोन्ही बाजूंना रक्कम सारखीच असल्याने सर्व खात्यांच्या जमा-नावे बेरजा पडताळणाऱ्या तेरजेत ही चूक कधीच सापडली नसती. ती गल्ला मोजल्यामुळे सापडली.

म्हणून 'क्रेडिट सेल – उधार विक्री' आणि 'खाते क्रेडिट करणे – खाते जमा करणे' अशा दोन नोंदी मी वेगळ्या ठेवतो आणि प्रत्येकीपुढे त्याच दुकानातला एक व्यवहार लिहितो. शिवाय पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल असल्याने तिथे जमा दिसणारी रक्कम आपल्या वहीत बँक खात्याच्या नावे बाजूला जाते, ही टीप त्याखाली असलीच पाहिजे.

'उचल' या शब्दाची गत अशीच आहे. मालकांनी घरासाठी गल्ल्यातून पैसे किंवा दुकानातून साखर नेली तर ती ड्रॉइंग्ज, म्हणजे भांडवलातली घट. नोकराने पगारातून आधीच घेतलेली रक्कम मात्र अॅडव्हान्स, म्हणजे आपले येणे. दोन्ही एकाच ओळीत कोंबून पुढे 'खर्च' असे लिहिणाऱ्यांचा मला विशेष राग येतो, कारण त्यामुळे निव्वळ नफा विनाकारण कमी दिसतो.

'शिल्लक' एकटी लिहू नये. रोख शिल्लक आणि अखेरचा मालसाठा वेगळे लिहावेत. पाठ्यपुस्तकातले ऋणको आणि धनको दुकानात कोणी म्हणत नाही, तेव्हा 'ज्यांच्याकडून येणे' आणि 'ज्यांना देणे' असे लिहावे; संगणकावर हिशेब असेल तर त्यांच्यापुढे Sundry Debtors आणि Sundry Creditors ही स्क्रीनवरची नावे जशीच्या तशी उतरवावीत.