शाळेच्या ऑफिससाठी सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण घेताय? या चुका टाळा

मार्च संपता संपता एका माध्यमिक शाळेतून फोन आला. बाकांच्या बिलाचे ८४,६०० रुपये शाळेने एनईएफटीने पाठवले होते आणि अकरा दिवसांनी पुरवठादार विचारत होता, 'सर, आमचं पेमेंट कधी करताय?' पैसे गेले होते, पण दुसऱ्याच कुणाच्या खात्यात. 'आमची बँक बदलली आहे, नवीन खाते क्रमांक सोबत जोडला आहे' असा ईमेल आला होता आणि ऑफिसमधल्या लिपिक मॅडमनी त्याप्रमाणे खातं बदललं होतं.

या मॅडम जानेवारीत माझ्याच प्रशिक्षणाला बसल्या होत्या. मी शाळेत गेलो तेव्हा त्यांनी तो ईमेल माझ्यासमोर उघडला आणि म्हणाल्या, 'सर, तुम्ही सांगितलेलं सगळं मी बघितलं होतं.' त्यांचं खरं होतं. पत्ता पुरवठादाराचाच होता, कारण त्याचाच मेलबॉक्स कुणीतरी उघडला होता. मराठी शुद्ध होतं. बिल क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर. संशयाची म्हणून मी शिकवलेली एकही खूण त्यात नव्हती. त्या दिवशी चूक माझ्या प्रशिक्षणाची होती. त्यानंतर मी जे बदललं, ते इथे लिहितो आहे. बँकेच्या काउंटरसाठी किंवा पतसंस्थेसाठी प्रशिक्षण आखणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

चूक पहिली : 'घाई दिसली की संशय घ्या' हा नियम शिकवणं

बहुतेक प्रशिक्षणांत ही पहिली स्लाइड असते. शाळेच्या ऑफिसात ती पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरते, कारण तिथे खरं काम घाईनेच येतं. केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर साडेतीनला निरोप पडतो, 'सोबतच्या लिंकवर आज ५ वाजेपर्यंत माहिती भरावी, अन्यथा जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील.' निरोप वैयक्तिक नंबरवरून येतो, लिंक गुगल फॉर्मची असते, भाषेत धमकी असते. पुस्तकी नियमाने हा पक्का फसवा निरोप. प्रत्यक्षात तो खरा असतो आणि भरला नाही तर दुसऱ्या दिवशी खुलासा मागवला जातो.

असा नियम शिकवला की माणूस दोन आठवड्यांत तो सोडून देतो, कारण पाळला तर कामच होत नाही. आणि तो सोडताना बाकीचं प्रशिक्षणही त्याच्याबरोबर जातं.

म्हणून आता स्लाइड करण्याआधी मी ऑफिसकडून मागच्या महिन्यातले २५-३० खरे निरोप मागवतो. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, कुणी फोनवर सांगितलेलं काम, सगळं. विद्यार्थ्यांची नावं आणि नंबर काळे करून त्यांचे प्रिंट काढतो. मग मला जो नियम शिकवायचा आहे तो या गठ्ठ्यावर लावून बघतो. खऱ्या निरोपांपैकी निम्मे त्यात अडकत असतील, तर तो नियम त्या ऑफिसासाठी नाही.

गठ्ठा चाळल्यावर एक गोष्ट दिसते. निरोप कोण पाठवतंय आणि किती घाईने, यावरून खरं-खोटं ठरत नाही. काय मागितलं जातंय, ते बघावं लागतं. शाळेच्या ऑफिसात थांबायलाच हवं अशा मागण्या चारच आहेत: कुणाचं तरी खातं बदलणं, ओटीपी किंवा पासवर्ड देणं, मोबाइलवर किंवा संगणकावर काही बसवणं (व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली `.apk` फाइल यातच येते) आणि मुलांची आधार किंवा मोबाइल क्रमांकांसह यादी पाठवणं. बाकीची घाई चालू द्यावी. पटसंख्या पाचच्या आत भरा म्हणत असतील तर भरा.

चूक दुसरी : कामातच मोडणारा नियम शिकवणं

'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य घ्या. पुष्कळ शाळांत पोर्टलचं लॉगिन मुख्याध्यापकांच्या मोबाइलला जोडलेलं असतं आणि पोर्टलवर बसतात लिपिक. म्हणजे दिवसातून दोनदा 'सर, ओटीपी आला का?' हा संवाद होतोच. मुख्याध्यापक बैठकीला गेलेले असले तर तो फोनवर होतो. ज्या ऑफिसात ओटीपी सांगितल्याशिवाय माहितीच भरता येत नाही, तिथे हे वाक्य शिकवून काहीही पदरात पडत नाही.

खरा उपाय म्हणजे लिपिकाला स्वतःचं वेगळं लॉगिन. जिथे पोर्टल ती सोय देतं, तिथे प्रशिक्षणाच्या दिवशीच ती करून घ्यावी. जिथे सोय नाही, तिथे नियम असा करावा: लॉगिन आपण सुरू केलं असेल तरच ओटीपी द्यायचा, आणि मागणी शाळेच्या ठरलेल्या नंबरवरून आली असेल तरच. न मागता आलेला ओटीपी म्हणजे दुसरं कुणीतरी दारावर आहे. हे मुख्याध्यापकांनाही शिकवावं लागतं. ते उद्घाटनाचं भाषण करून निघून गेले, तर प्रशिक्षण अर्धंच झालं असं समजावं.

चूक तिसरी : सावध राहायला सांगणं, पण थांबायचा अधिकार न देणं

बाकांच्या बिलाकडे परत येतो. मॅडमना मनात कुठेतरी शंका आली होती. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलंही, पण मार्चअखेर होती, अनुदान परत जाईल ही भीती होती. उत्तर आलं, 'अहो मॅडम, ईमेलवर आहे ना? करून टाका.' इथे मॅडमना कितीही शिकवलं असतं तरी पैसे गेलेच असते.

या व्यवहाराची यंत्रणाही समजून घ्यायला हवी. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. फॉर्मवर पुरवठादाराचं नाव बरोबर लिहिलं म्हणून पैसे त्याच्याकडे जात नाहीत, पण ऑफिसांत नेमकी हीच समजूत असते. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव आधी तपासण्याची सोय द्यायला सांगितलं. ही सोय नेट बँकिंगवर वापरता येते आणि शाखेत जाऊनही. पैसे पाठवण्याआधी 'या क्रमांकावर कुणाचं नाव दिसतंय?' हे विचारायला शिकवणं, हा माझ्या आताच्या प्रशिक्षणातला सर्वांत उपयोगी तुकडा आहे. अर्थात नावसुद्धा मिळतंजुळतं निवडलेलं असू शकतं, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही.

त्या शाळेत आम्ही एक पान लिहिलं आणि त्यावर मुख्याध्यापक व संस्थेचे सचिव, दोघांच्या सह्या घेतल्या. खातं बदलायचा निरोप आला की पुरवठादाराला फोन करायचा, पण नंबर जुन्या बिलावरचा किंवा रजिस्टरमधला घ्यायचा, ईमेलमधला नाही. कुणाशी बोललो, किती वाजता, हे फाइलवर लिहायचं. बँकेत खातेदाराचं नाव तपासायचं. हे होईपर्यंत पेमेंट थांबेल आणि थांबवल्याबद्दल कुणी लिपिकाला बोलणार नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला सचिव तयार नव्हते. त्यावर अर्धा तास गेला, पण ते वाक्य नसतं तर त्या पानाला अर्थच उरला नसता.

मग सराव केला. मी शेजारच्या खोलीतून सचिवांच्या आवाजात फोन केला, 'आत्ताच्या आत्ता पाठवा, मी सांगतोय ना!' मॅडमनी 'सर, जुन्या नंबरवर फोन करून पाच मिनिटांत कळवते' हे वाक्य तीनदा म्हटलं. पहिल्यांदा आवाज कापरा होता, तिसऱ्यांदा नाही. वरिष्ठांना नाही म्हणणं ऐकून येत नाही. ते तोंडाने म्हणावं लागतं.

चूक चौथी : खोटा ईमेल पाठवून किती जण फसले ते मोजणं

मोठ्या संस्थांचं बघून आता लहान ऑफिसांनाही ही हौस येते. आधी दोन अभ्यास माहीत असावेत. सॅन दिएगोच्या विद्यापीठाच्या रुग्णालयांत १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने असे दहा खोटे ईमेल पाठवले गेले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, प्रशिक्षण मिळालेले आणि न मिळालेले यांच्या फसण्यात सरासरी फरक होता फक्त १.७ टक्क्यांचा. उलट ईमेलचा विषय बदलला की आकडा प्रचंड हलायचा. पासवर्ड बदलण्याच्या ईमेलला सुमारे २ टक्के फसले, तर सुट्ट्यांच्या नियमांच्या ईमेलला सुमारे ३१ टक्के. म्हणजे आकडा खाली आणायचा तर सोपा ईमेल पाठवला की झालं. त्यातून लोक शहाणे झाले असं काही सिद्ध होत नाही.

दुसरा झुरिकचा, २०२२ साली प्रसिद्ध झालेला. एका कंपनीत पंधरा महिने, सुमारे १४,००० कर्मचारी. तिथे फसल्यावर लगेच दाखवलेल्या धड्याचा उपयोग दिसला नाही, पण संशयित ईमेल कळवायचं बटण दिल्यावर कर्मचारी ते वेळेत आणि टिकून वापरत राहिले.

चार माणसांच्या ऑफिसात टक्केवारीला तसाही अर्थ नाही. एक फसला की २५ टक्के, आणि तो एक कोण हे सगळ्यांना ठाऊक. आमिषाचंही भान हवं. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी या अमेरिकन कंपनीने कर्मचाऱ्यांना ६५० डॉलर बोनसचा खोटा ईमेल चाचणी म्हणून पाठवला आणि नंतर तिला माफी मागावी लागली. आपल्याकडे थकीत फरकाच्या बिलाचं आमिष दाखवून चाचणी घेणं तितकंच क्रूर होईल. कृपा करून ते करू नका.

प्रशिक्षण झालं, पण कुणीच काही कळवत नाही

ही तक्रार सर्वांत जास्त येते. कारणं बहुतेक वेळा दोनच. एक, कुणाला कळवायचं ते नाव आणि नंबर ठरलेले नसतात. 'आयटी विभागाला कळवा' असं मी पूर्वी लिहायचो, पण शाळेत आयटी विभाग म्हणजे संगणकाचे सर, आणि ते तासावर असतात. दोन, मागे कुणीतरी कळवलं तेव्हा काहीच उत्तर आलं नाही किंवा हसणं झालं. 'पाहिलं, हा खराच होता, विचारलंत ते बरं केलंत' एवढं उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे. खरे निरोपही लोक विचारायला लागले, तर ते त्रासदायक वाटेल, पण ती प्रशिक्षण मुरल्याची खूण आहे.

चूक झाल्यावरचंही याच सत्रात शिकवावं, नाहीतर माणूस लपवतो आणि अकरा दिवस जातात. पैसे गेले तर आधी बँकेला आणि १९३० ला फोन, मग `cybercrime.gov.in` वर तक्रार. हाताशी व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचं खातं असावं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येतात, म्हणून पहिला तास फार मोलाचा. संशयित फाइल बसवली असेल तर त्या मोबाइलचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं. हे सगळं एका कार्डावर छापून लँडलाइनच्या शेजारी चिकटवा, कारण त्या क्षणी स्लाइड आठवत नाही.

त्या शाळेतल्या मॅडम आता रजिस्टरच्या शेवटच्या पानावर असे फोन लिहून ठेवतात. मागच्या भेटीत तिथे सात नोंदी होत्या. सहा निरोप खरे निघाले, सातवा पुन्हा खातं बदलण्याचा होता आणि जुन्या नंबरवर पुरवठादार म्हणाला होता, 'छे हो, आमचं खातं तेच आहे.'