परदेशी दुकानात कार्ड नाकारलं? पत्त्याच्या या चुका टाळा

हिंगणघाटच्या बाजूला माझं छोटं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, सगळं चालतं. महिन्यातून एखादा तरी येतो आणि म्हणतो, "भाऊ, कार्ड चालतच नाही. काहून?" कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. घोळ असतो पत्त्याचा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात `Same as shipping address` या चौकोनात. तिथे टिक आधीच मारलेली असते आणि घाईत कोणी ती काढत नाही. सामान गावी मागवायचं म्हणून गावचा पत्ता टाकला, की तोच पत्ता बिलिंगचाही होतो. पण बिलिंगचा पत्ता म्हणजे तुम्ही आज राहता तो नव्हे, तर बँकेच्या नोंदीत असलेला पत्ता.

मागच्या हंगामात एक पोरगा आला. अमेरिकेतल्या दुकानातून ब्रश कटरचा कार्बोरेटर मागवायचा होता, किंमत ३८ डॉलर. खातं पुण्यात शिकत असताना काढलेलं, पत्ता कोथरूडचा, पिनकोड ४११०३८. फॉर्ममध्ये मात्र त्यानं गावचा पत्ता आणि ४४२३०१ टाकला. दुकानानं नाकारलं. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही दाबलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "दादा, पैसे तं कटले, पण दुकानवाला नाही म्हनते!"

त्याच्या मोबाइलवर खात्यातून रक्कम गेल्याचे तीन मेसेज होते. म्हणजे बँकेनं तिन्ही वेळा हो म्हटलं होतं, नाकारलं होतं ते दुकानानं. डेबिट कार्ड असल्यानं एका कार्बोरेटरपायी साडेनऊ हजारांच्या आसपास रक्कम अडकली. अशी अडकलेली रक्कम परत येते, पण काही दिवस लागतात. तोवर बी-बियाणं घ्यायचं असलं तर बसा हात चोळत.

दुकानाची मेल आली होती, ती त्यानं उघडलीच नव्हती. पत्ता दिसेल असं बँकेचं स्टेटमेंट पाठवा, एवढंच त्यात लिहिलं होतं. मी जुनी ऑर्डर रद्द करायला लावली. नवीन ऑर्डरमध्ये टिक काढून बिलिंगला कोथरूड, डिलिव्हरीला गाव टाकलं. स्टेटमेंटवरचा खाते क्रमांक शेवटचे चार आकडे सोडून झाकला आणि पाठवलं. दोन दिवसांत माल निघाला.

माझी सवय सांगतो. आधी बँकेचं ताजं स्टेटमेंट उघडायचं, त्यावरचा पत्ता जसाच्या तसा उतरवायचा. पासबुक पाहू नका, ते जुनं असतं. आधारवर पत्ता बदलला म्हणून बँकेतही आपोआप बदलतो असं समजू नका.

लोक मु. पो. लिहायचं की At Post यावर डोकं खाजवत बसतात. पत्ता पडताळणीची जी पद्धत आहे, AVS, ती मुख्यतः पत्त्यातले आकडे आणि पोस्टाचा कोड जुळवते. गावाच्या स्पेलिंगपेक्षा पिनकोड आणि घर क्रमांक सांभाळा. स्टेटमेंटवर `Ward No 3` असेल तर तो ३ सुद्धा लिहा.

दुसरी चूक मला चीड आणते. यूट्यूबवर कोणीतरी सांगतं, "देश United States निवडा, ZIP 10001 टाका, होऊन जाईल." अरे बाप्पा, कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरूनच ते भारतीय बँकेचं आहे हे दुकानाला कळतं! भारतीय कार्ड आणि न्यूयॉर्कचा पत्ता म्हटल्यावर दुकानाला चोरीचं कार्ड वाटणारच. असं करून खातं बंद पाडून घेतलेला एक जण माझ्याकडे आला होता. त्याला मी काही मदत करू शकलो नाही.

फॉर्म पाच आकड्यांचाच कोड घेत असेल तर देश आधी India करा. तरी सहा आकडे घेत नसेल तर ते दुकान सोडा.

काही वेळा पत्ता अगदी बरोबर असूनही काम होत नाही. AVS प्रामुख्यानं अमेरिका, कॅनडा, ब्रिटनच्या बँकांत चालतं. पत्ता जुळतो का, या दुकानाच्या प्रश्नाला आपल्या बहुतेक बँका उत्तरच देत नाहीत, आणि काही दुकानं "उत्तर नाही" म्हणजे "नकार" धरतात. तिथे पत्ता दहादा बदलून फायदा नाही. दुकानाला मेल करून पेपालनं पैसे घेता का, एवढं विचारा.

पैसे गेल्याचा मेसेज न येता बँकेचाच नकाराचा मेसेज आला, तर पत्त्याच्या मागे लागू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच येतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन तो पर्याय चालू करा, मर्यादा ठरवा, काम झालं की पुन्हा बंद करा.

आणि एकदा नाकारलं की हात मागे घ्या. आधी मेसेज वाचा, मेल उघडा. माझ्याकडे येणार असाल तर स्टेटमेंट मोबाइलमध्ये घेऊन या, पासबुक घरीच राहू द्या.