टाइल नंबर काढताना या चुका टाळा: टाइल बरोबर पण पिन भलतीकडे का पडते

लॅट-लाँगवरून मॅप टाइलचा नंबर काढायचं गणित पाच ओळींचं आहे पण त्यात घोळ होतो तो नेहमी त्याच ठरलेल्या जागी होतो. म्हणून एकच जागा घेऊन बसू, आयफेल टॉवर, लॅट ४८.८५८४ आणि लाँग २.२९४५, झूम १५. हे आकडे स्वतःच्या कोडमध्ये टाकून बघा, कुठे काय चुकतंय ते उत्तरावरूनच कळतं.

झूम १५ ला जगाचा नकाशा आडवा ३२७६८ आणि उभा ३२७६८ टाइल्सचा असतो (२ चा १५ वा घात), प्रत्येक टाइल २५६ पिक्सेलची, आणि मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू.

```python
import math
n = 2 ** 15
lat, lon = 48.8584, 2.2945
fx = (lon + 180) / 360 * n
fy = (1 - math.asinh(math.tan(math.radians(lat))) / math.pi) / 2 * n
tx, ty = math.floor(fx), math.floor(fy)
px, py = (fx - tx) * 256, (fy - ty) * 256
```

fx येतो १६५९२.८५०५ आणि fy येतो ११२७२.८७३७. म्हणजे टाइल `15/16592/11272`, आणि तिच्या आत टॉवर डावीकडून २१७.७ आणि वरून २२३.७ पिक्सेलवर. पूर्णांक म्हणजे टाइल, दशांश गुणिले २५६ म्हणजे पिक्सेल, सगळा खेळ एवढाच आहे, आणि बहुतेक चुका हा दशांश भाग चुकीच्या वेळी फेकून दिल्यामुळे किंवा चुकीच्या पद्धतीने परत काढल्यामुळे होतात.

आधी सगळ्यात सोपी चूक. math.radians विसरलात तर एरर काहीच येत नाही, कोड मुकाट्याने चालतो आणि y येतो २९४२४. ही टाइल पार अंटार्क्टिकावर आहे. x मात्र बरोबर १६५९२ च राहतो, कारण लाँगच्या सूत्रात रेडियन लागतच नाही. त्यामुळे x बरोबर आणि y वेडावाकडा दिसला की पहिला संशय रेडियनवर घ्यायचा.

आता टाइल लोड झाली पण नुसतं निळं पाणी दिसतंय, तर दोन शक्यता. एक, लॅट आणि लाँगची अदलाबदल झाली. GeoJSON मध्ये लाँग आधी असतो, आपण बोलताना लॅट आधी बोलतो, आणि तिथेच फसतं. आपल्या उदाहरणात अदलाबदल केली तर `15/20831/16175` येतं, म्हणजे सोमालियाच्या पूर्वेला हिंदी महासागर. दोन, y उलटा मोजला गेला. TMS नावाची पद्धत y खालून वर मोजते, तिथे आपला y होतो ३२७६७ − ११२७२ = २१४९५, आणि हा नंबर तुम्ही वरून मोजणाऱ्या सर्व्हरला दिलात तर तो विषुववृत्ताच्या पलीकडची आरशातली जागा दाखवतो, दक्षिण अटलांटिकमधलं पाणी. दोन्हीकडे पाणीच, मग ओळखायचं कसं? x बघा. x बरोबर असेल तर y उलटलाय, x पण बदलला असेल तर अदलाबदल झालीये. MBTiles फाइल वापरत असाल तर हे विशेष लक्षात ठेवा, तिच्यात tile_row हा TMS पद्धतीने खालून मोजलेला असतो, म्हणून माझे दोन दिवस गेले होते, फाइल खराब आहे असं समजून मी ती परत परत बनवत होतो आणि फाइल पहिल्यापासून धडधाकट होती. मधे ही एक ओळ हवी होती:

```python
row = n - 1 - ty
```

पुढची चूक जास्त त्रासदायक आहे कारण ती कधी दिसते कधी नाही. floor च्या जागी round वापरणं. इथे दोन्ही दशांश अर्ध्याच्या वर आहेत, .८५ आणि .८७, म्हणून round ने १६५९३ आणि ११२७३ येईल, एक टाइल उजवीकडे आणि एक खाली. दशांश अर्ध्याच्या आत असेल त्या जागेला मात्र उत्तर बरोबर येतं, त्यामुळे टेस्टला नेमकी तशी जागा घेतली असेल तर महिनोन्महिने काही कळत नाही. पिनांपैकी काही जागेवर आणि काही शेजारच्या टाइलवर असं दिसलं की कोडमध्ये round शोधा. शिवाय px उणे आकडा येत असेल तर तो याच चुकीचा पक्का पुरावा, दशांश कधी उणे येऊच शकत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात फसवी चूक. टाइल नंबर बरोबर काढला, मग त्या टाइलच्या वरच्या आणि खालच्या कडेचा लॅट काढला आणि आपला लॅट त्या दोघांच्या मधे कितव्या भागात आहे ते सरळ भागाकाराने काढून २५६ ने गुणलं. ऐकायला अगदी बरोबर वाटतं, आणि झूम १५ ला चालूनही जातं, कारण टाइल एवढी छोटी असते की फरक डोळ्याला दिसत नाही. पण झूम ३ ला या. तिथे आपली टाइल आहे y = २, तिची वरची कड ६६.५१ अंशावर आणि खालची ४०.९८ अंशावर. सरळ भागाकाराने टॉवर वरून १७७ व्या पिक्सेलच्या आसपास येतो, आणि खरी जागा आहे १९२.५, म्हणजे १५ पिक्सेल वर सरकली. कारण मर्केटर नकाशात लॅट समान अंतरावर नसतात, ध्रुवाकडे जाल तसे ताणले जातात, त्यामुळे एकाच टाइलमध्ये वरचा एक अंश जास्त पिक्सेल खातो आणि खालचा कमी. लाँगला हे लागू नाही, तो सरळच असतो. म्हणून लक्षण असं, की पिन आडवी बरोबर, उभी थोडी सरकलेली, आणि झूम इन केलं की हळूहळू जागेवर येते. उपाय म्हणजे कडांच्या लॅटला हातच लावायचा नाही, वरच्या कोडसारखा fy मधला दशांश वापरायचा.

झूम बदलताना पण तोच दशांश उपयोगी. झूम १६ ला fx दुप्पट होतो, ३३१८५.७०१०, पिक्सेल १७९. काहीजण जुना पिक्सेल २१७.७ दुप्पट करून ४३५.४ काढतात आणि थांबतात, पण त्यातून २५६ वजा होऊन टाइल एकने पुढे जायला हवी, ४३५.४ − २५६ = १७९.४, मग जमतं. पूर्णांक झालेला tx दुप्पट केला तर १६५९२ × २ = ३३१८४ येतं, म्हणजे झूम १६ ला एका टाइलच्या ज्या चार छोट्या टाइल्स होतात त्यांपैकी डाव्या बाजूची, आणि आपला टॉवर तर उजव्या बाजूच्या टाइलमध्ये आहे.

शेवटी @2x टाइलबद्दल. ती इमेज ५१२ पिक्सेलची असते पण टाइल नंबर तेच राहतात, फक्त आतला पिक्सेल ५१२ ने गुणायचा, म्हणजे ४३५ आणि ४४७. २५६ ने गुणलं तर सगळ्या पिना प्रत्येक टाइलच्या वरच्या डाव्या चतुर्थांशात गोळा होतात, एवढं दिसलं तरी कारण कळतं.

कडेच्या जागा उरल्या. लाँग बरोबर १८० असेल तर tx येतो ३२७६८, आणि अशी टाइल नाही, शेवटची ३२७६७, तेव्हा tx ला n ने मॉड्युलो करून ० वर आणा. आणि लॅट ८५.०५११ च्या पलीकडे नकाशाच संपतो, त्यामुळे गणिताआधी लॅट तिथे कापून घ्या, नाहीतर उत्तर ध्रुवाजवळ y उणे यायला लागतो.