घरदुरुस्तीसाठी टॉप-अप की पर्सनल लोन? सहा लाखांच्या एका हिशेबातून समजून घ्या, आणि या चुका टाळा

एप्रिल संपत आला की गोव्यात घरदुरुस्तीची धावपळ सुरू होते. पहिल्या पावसाआधी कौलं उतरवून परत चढवायची असतात, चिऱ्याच्या भिंतीत मुरणारी ओल थांबवायची असते, चवथीला पाहुणे येणार म्हणून रंगही काढायचा असतो. या घाईत कर्जाचा निर्णय दोन दिवसांत उरकला जातो. मी बरीच वर्षं कर्ज विभागात काम केलं आहे. दर उन्हाळ्यात त्याच त्या चुका समोर येतात, आणि यंदा तर त्या माझ्याच घरातल्या माणसाच्या हातून होता होता राहिल्या.

फोंडा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरावर गृहकर्ज आहे, त्याची अजून पंधरा वर्षं बाकी आहेत. छपराचे वासे आणि रिपा बदलणं, न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग, स्वयंपाकघराचा ओटा आणि वायरिंग असा सहा लाखांचा अंदाज निघाला. तिच्यापुढे दोन पर्याय होते. गृहकर्जाच्या बँकेचा टॉप-अप, म्हणजे त्याच घराच्या तारणावर मिळणारं वाढीव कर्ज, ९ टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी, हप्ता ६,०८६ रुपये. दुसरीकडे पर्सनल लोन १२.५ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, हप्ता १३,४९९ रुपये.

"दादा, यात विचार करण्यासारखं काय आहे? व्याज कमी आणि हप्ता निम्म्याहून कमी," ती म्हणाली.

पहिली चूक इथेच होते. हप्ता कमी दिसतो त्यात दराचा वाटा थोडा आणि मुदतीचा फार मोठा असतो. पंधरा वर्षांत ती बँकेला एकूण सुमारे १०,९५,००० रुपये देणार होती, म्हणजे जवळजवळ ४,९५,००० रुपये व्याज. महाग म्हणून बाजूला सारलेल्या पर्सनल लोनवर पाच वर्षांचं मिळून व्याज होतं सुमारे २,१०,०००. दर साडेतीन टक्क्यांनी कमी आणि व्याज दुपटीहून जास्त, हे तिला पटेना. मग तिच्याच मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे घालून दाखवले.

म्हणून टॉप-अप वाईट असं मुळीच नाही. तोच टॉप-अप ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतला तर हप्ता १२,४५५ रुपये येतो आणि एकूण व्याज फक्त १,४७,००० च्या आसपास. पर्सनल लोनपेक्षा महिन्याला हजार रुपये कमी आणि पाच वर्षांत ६३ हजारांची बचत. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ९,६५३ होतो आणि एकूण व्याज सुमारे २,११,०००, म्हणजे पाच वर्षांच्या पर्सनल लोनइतकंच. या दरांना सात वर्षं ही सीमारेषा आहे. तिच्या पलीकडे गेलात की स्वस्त दराचा फायदा रुपयांत उरत नाही. पैसे जास्त काळ वापरायला मिळतात हे खरं, पण गोव्याच्या पावसात न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा रंग पंधरा वर्षं टिकत नाहीत. आधीच्या दुरुस्तीचे हप्ते चालू असताना पुढच्या दुरुस्तीचं कर्ज डोक्यावर येतं.

बँक पंधरा वर्षं का सुचवते? मुख्य कर्जाची उरलेली मुदत तेवढी असते, आणि हप्ता लहान दिसला की गिऱ्हाईक पटकन सही करतं. त्यामुळे अर्ज करतानाच सांगा की टॉप-अपचं कर्ज खातं वेगळं हवं आणि मुदत मी सांगेन तेवढीच हवी. मंजुरीपत्रात खातं आणि मुदत वेगळी लिहिलेली दिसली नाही, तर सही करण्याआधी विचारा. पात्रता पंधरा लाखांची निघाली म्हणून पंधरा लाख उचलू नका. कंत्राटदाराचं अंदाजपत्रक सहाचं असेल तर सहाच घ्या.

दुसरी चूक दर वाचण्यातली. माझ्या बहिणीला आणखी एकाने "सात टक्के फ्लॅट" दराने पर्सनल लोन देऊ केलं होतं. फ्लॅट दरात पाचही वर्षं पूर्ण सहा लाखांवर व्याज लावतात, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. वर्षाला ४२,००० प्रमाणे पाच वर्षांचे २,१०,०००, आणि हप्ता १३,५००. म्हणजे हे ते आधीचंच साडेबारा टक्क्यांचं कर्ज, फक्त नाव वेगळं. त्यात प्रोसेसिंग फी २ टक्के असेल तर १२,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असे १४,१६० रुपये बहुधा आधीच कापून घेतात, आणि विम्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिसळला तर त्यावरही व्याज चढतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी प्रत्येक किरकोळ कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यातला एपीआर, म्हणजे कर्जाचा खरा वार्षिक दर, हा आकडा फी, विमा, कायदेशीर खर्च धरून काढलेला असतो. दोन्ही पर्यायांची तुलना याच आकड्याने करा. जाहिरातीतल्या दराने करू नका.

फीमुळे एखाद्या वेळी पर्सनल लोनच बरं पडतं. समजा फक्त एक लाख हवेत आणि दोन वर्षांत फेडायचे आहेत. ९ आणि १२.५ टक्क्यांतला फरक पूर्ण दोन वर्षांत चार हजारांच्या आतच राहतो. टॉप-अपसाठी वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन पुन्हा करावं लागलं तर तो फरक तिथेच संपतो.

तिसरी चूक फक्त आकड्यांत सापडत नाही, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. टॉप-अप हा घराच्या गहाणावरच दिलेला असतो. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादित ठरतं. मग बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावता, घराच्या ताब्याची कारवाई सुरू करू शकते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी घेतलेल्या पैशांमुळे अख्खं घर पणाला लागतं. मुख्य गृहकर्ज फिटलं तरी टॉप-अप संपेपर्यंत घराची मूळ कागदपत्रं बँकेतच राहतात. पर्सनल लोनला घराचं तारण नसतं. थकलं तर सिबिल बिघडतो, वसुली मागे लागते, कोर्टात दावाही होऊ शकतो, पण सरफेसीची वाट तिथे नसते.

गृहकर्ज गावातल्या फ्लॅटवर असतं आणि टॉप-अपचे पैसे वाड्यावरच्या वडिलोपार्जित घराला लागतात, असंही गोव्यात खूप दिसतं. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, न झालेल्या त्या घरात तुमचा हिस्सा पाचातला एक असतो, पण धोका तुमच्या एकट्याच्या फ्लॅटला असतो. अशा वेळी भावंडांनी वाटणी ठरवून आपापला खर्च उचलावा. तसं होत नसेल तर थोड्या रकमेचं पर्सनल लोन घेणं मला अधिक योग्य वाटतं.

टॉप-अपचा दर बहुधा रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्या दराला, जोडलेला असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तसंच पुन्हा झालं तर? ९ चे ११.५ टक्के झाले तर पाच वर्षांच्या टॉप-अपचा हप्ता १३,२०० च्या आत राहतो, पर्सनल लोनपेक्षा तरीही कमीच. पण पंधरा वर्षांच्या टॉप-अपचा हप्ता ६,०८६ वर तसाच ठेवून मुदत वाढवली तर ती पंचवीस वर्षांच्या पुढे जाते. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय बँकेने द्यावा असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं आहे. असं पत्र आलं तर उत्तर द्या. ते ड्रॉवरमध्ये पडून राहू देऊ नका.

बहिणीचं काम अडलं ते मात्र सहीसाठी. तिचा नवरा जहाजावर असतो. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामायिक धरली जाते, आणि एकाच्या नावावरची स्थावर मालमत्ताही दुसऱ्याच्या संमतीशिवाय गहाण टाकता येत नाही. भावोजी समुद्रात होते आणि मुखत्यारपत्र केलेलं नव्हतं. एप्रिलमध्ये अर्ज करून मेमध्ये पैसे हवे असणाऱ्यांची इथेच फसगत होते, मग घाईत मिळेल ते पर्सनल लोन घेतलं जातं. ज्यांच्या घरी कोणी तारवटी आहे त्यांनी जहाजावर जाण्याआधीच मुखत्यारपत्र करून ठेवावं, आणि अर्ज दिवाळीनंतरच टाकावा. अंदाजपत्रक, लागत असेल तर पंचायतीचा परवाना, मूल्यांकन, सगळ्यालाच वेळ लागतो.

कराबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या कररचनेत स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जावरच्या व्याजाची वजावट वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत, तीही एकूण दोन लाखांच्या मर्यादेतच मिळते. ती टॉप-अपलाच मिळते असं नाही. पैसे घरालाच लागले हे बिलांवरून दाखवता आलं तर पर्सनल लोनलाही लागू होते.

चूक आधीच झाली असेल तर? टॉप-अप पंधरा वर्षांचा घेऊन बसला असाल तर फार बिघडलेलं नाही. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या अशा कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लागत नाही. पहिल्या महिन्यापासून हप्त्यावर ६,३७० रुपये जास्त भरलेत तर तेच कर्ज पाच वर्षांत संपतं. पर्सनल लोन घेऊन वर्ष झालं असेल तर मात्र ते टॉप-अपवर हलवण्याआधी नीट मोजा. वर्षाअखेर ५,०८,००० च्या आसपास मुद्दल उरतं. ४ टक्के फोरक्लोजर शुल्क आणि जीएसटी धरला की २४ हजार जातात. ते २४ हजारही नव्या कर्जातूनच भरले तर उरलेल्या चार वर्षांत ९ टक्क्यांनी निव्वळ जेमतेम १२-१३ हजार वाचतात, तेही नव्या कर्जाची फी धरण्याआधी. अशा वेळी मी तरी हलवू नका म्हणेन.

भावोजी सप्टेंबरात घरी आले आणि बहिणीने सात वर्षांचा टॉप-अप घेतला. जहाजाचा पगार चालू असेल तेव्हा वर थोडे भरायचे आणि दोन करारांमधल्या रिकाम्या महिन्यांत फक्त ९,६५३ चा हप्ता द्यायचा, असं ठरलं. पहिल्यांदा वर भरलेले दहा हजार तिच्या खात्यात ‘आगाऊ हप्ता’ म्हणून पडून राहिले. मुद्दल होतं तेवढंच होतं. स्टेटमेंटमध्ये बाकी मुद्दलाचा रकाना तिने पाहिला म्हणून ते कळलं. शाखेला लेखी कळवलं की ही रक्कम मुद्दलात वळती करा, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. पुढच्या स्टेटमेंटमध्ये मुद्दल दहा हजारांनी उतरलं होतं.