बायोडाटा तोंडाने सांगताना

पहिल्या मुलाखतीला मी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो, तो सोलापूर ते पुणे ओठ हलवतच. स्वतःची ओळख पानभर लिहून काढली होती आणि कुर्डुवाडी यायच्या आत ती तोंडपाठ झाली होती. मुलाखतीत दुसऱ्याच वाक्याला समोरचे साहेब सहज म्हणाले, "सोलापूर म्हणजे चादरी, नाही का?" मी "हो सर" म्हणालो आणि पुढचं वाक्य गायब. मग काय केलं असेल? पुन्हा "माय नेम इज" पासून सुरुवात! पाठांतराची कॅसेट मधून सुरू होत नाही, हे मला त्या खोलीत कळलं.

पुढे नोकरी लागली, आणि काही वर्षांनी मीच नव्या पोरांच्या मुलाखतींना बसायला लागलो. पाठ केलेली ओळख दहा सेकंदांत कळते. प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच सुरात येतो. श्वास अर्थ संपतो तिथे घेतला जात नाही, कागदावरची ओळ संपते तिथे घेतला जातो. आणि सोपा भाग आला की गाडी सुसाट सुटते.

गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीची मुलाखत होती, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका कारखान्यात, अकाउंट्स विभागात. ती बी.कॉम. झालेली आणि सव्वा वर्ष एका सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम करत होती. तिच्या बायोडाटात एक ओळ होती: "जीएसटी रिटर्न फायलिंग, इनपुट टॅक्स क्रेडिट रिकन्सिलिएशन व व्हेंडर को-ऑर्डिनेशन." तिने ओळख करून दिली तेव्हा हीच ओळ मागे "ची जबाबदारी माझ्याकडे होती" लावून म्हटली.

कागदावर ही ओळ ठीकच आहे. बायोडाटा चाळणाऱ्याला शब्द दिसायला हवे असतात. पण त्या ओळीत कर्ता नाही, क्रियापद नाही, काळ नाही. कोणी, कधी, कशासाठी, काहीच नाही. अशी ओळ बोलायची तर बोलणाऱ्याला आधाराला काही सापडत नाही, म्हणून तो वाचल्यासारखा बोलतो. आवाज सुधारून, आरशासमोर उभं राहून हे जात नाही. मूळ वाक्यच बोलण्याचं नाही ना!

माझी एक साधी चाळणी आहे. मजकुरातले "व", "तसेच", "द्वारे", "सदर" शोधायचे. घरात आपण "मी व आई बाजारात गेलो" असं म्हणत नाही. जिथे "व" सापडेल तिथलं वाक्य कागदाचं आहे असं धरायचं, आणि फोडायचं.

पण फोडून लिहायला बसलो की पुन्हा लिखाणच होतं. म्हणून मी तिचा कागद काढून घेतला, मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, "तू ऑफिसात गेल्यावर करतेस काय नेमकं?"

"काय करणार दादा, फोन! गिरणीवाल्यांना फोन."

"कशाला?"

मग ती सुटली. त्यांचं सूत बाहेरच्या गिरण्यांकडून येतं. गिरणीने आपल्या विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, वेळेत, म्हणजे ११ तारखेपर्यंत भरलं, की बिल १४ तारखेला यांच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत दिसतं. नाही भरलं तर बिल दिसत नाही, खरेदीवर दिलेल्या कराचं त्या महिन्याचं क्रेडिट घेता येत नाही आणि तेवढा कर रोखीने भरावा लागतो. पूर्वी ऑफिसात हे १४ नंतर कळायचं आणि २० तारखेच्या आत कर भरायचं रिटर्न, ३बी, भरायचं म्हणून धावपळ व्हायची. हिने ८-९ तारखेलाच फोन लावायला सुरुवात केली. आधी वीसेक बिलं राहायची, आता तीन-चार राहतात.

मी म्हटलं, "हे बायोडाटात कुठंय?"

"आहे की. व्हेंडर को-ऑर्डिनेशन."

त्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून आम्ही ओळख काढली. तिचेच शब्द, तिचाच क्रम, फक्त छाटणी केली. टक्केवारी, एमएस-सीआयटी, छंद सगळं गेलं, कारण ते समोरच्याच्या हातातल्या कागदावर आहेच. उरलं ते असं:

"मी इथलीच, सोलापूरची. बी.कॉम. केलंय. सव्वा वर्ष झालं, एका सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. टॅलीतल्या एंट्र्या वगैरे आहेतच, पण माझा जास्त वेळ जातो खरेदीची बिलं पोर्टलशी जुळवण्यात. गिरणीने बिल वेळेत चढवलं नाही, तर आमचं क्रेडिट अडकतं. आधी हे कळायचं चौदा तारखेनंतर. मग मी आठ-नऊ तारखेलाच फोन करायला लागले. वीसेक बिलं राहायची, आता तीन-चार राहतात. तुमच्याकडे एक्स्पोर्ट आहे. त्यातलं रिफंडचं काम मी अजून केलेलं नाही, ते मला शिकायचंय."

हे पाऊण मिनिटात होतं. "आधी हे कळायचं चौदा तारखेनंतर" या वाक्यात क्रियापद मधे आलंय ते पाहा. लिहिताना आपण ते शेवटी ढकलतो. बोलताना महत्त्वाचं ते शेवटी येतं, आणि आवाज आपोआप तिथे थांबतो. मी हे दुरुस्त करू दिलं नाही.

शेवटच्या वाक्याला ती कचरत होती. न येणारं कशाला सांगायचं? माझं मत असं की ते एकदाच, नेमकं सांगावं. एक्स्पोर्टचा रिफंड सुताच्या दुकानात कुठून येणार? विचारणारा ते विचारणारच होता.

आता हा मजकूरही पाठ केला असता तर पुन्हा हुतात्माच झाली असती. म्हणून तो एकदा वाचून फाडला आणि पावतीच्या मागे चार शब्द लिहिले: सूत, चौदा, फोन, रिफंड. या चार खुंट्यांवरून रोज वेगळ्या शब्दांत सांगायचं. दोन दिवसांची रेकॉर्डिंग शब्दशः सारखी निघाली, तर समजायचं की पाठांतर परत शिरलंय. तिसऱ्या दिवशी तसंच झालं. त्या दिवशी तिला हिंदीत सांगायला लावलं, मग मोडक्या इंग्रजीत. भाषांतर करायचं नाही, त्याच चार शब्दांवरून नव्याने सांगायचं. इंग्रजीत वाक्यं तुटकी आली, पण तिची होती.

शेवटची परीक्षा अडवण्याची. भाकरी थापता थापता मामीने मधेच विचारायचं, "कुठल्या गिरण्या गं?" उत्तर देऊन पुढच्या खुंटीवर जाता आलं पाहिजे, मागे न जाता. पहिल्यांदा ती "मी इथलीच" वर परत गेली. मामी हसली. चौथ्या-पाचव्या वेळेला जमलं.

एक धोका मात्र आहे. सहज बोलायचं म्हणून काही जण "म्हणजे", "ॲक्च्युअली", "असं ते" पेरत जातात. शब्द सापडला नाही तर गप्प राहावं. दोन सेकंदांचा थांबा बोलणाऱ्याला फार लांब वाटतो, ऐकणाऱ्याला नाही.

मुलाखतीहून तिचा फोन आला तो सात रस्त्यावरूनच. "दादा, चौदा तारखेवरच अडवलं. त्यांचीपण बिलं अडकतात म्हणे. वीस मिनिटं तेच बोलत होते."

"आणि रिफंड?"

"तिथपर्यंत गेलेच नाही मी."