शाखेत जाण्यापूर्वी: मुदतपूर्व भरण्याचे शुल्क आणि वाचणारे व्याज

बोनसची रक्कम वैयक्तिक कर्जात भरण्यासाठी ठाण्यातल्या शाखेत जाण्यापूर्वी मंजुरीपत्र आणि कर्जासोबत मिळालेले मुख्य तथ्य विवरण काढून ठेवावे, आणि त्यात व्याजदर स्थिर आहे की बदलता, हे आधी पाहावे. व्यक्तीने व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर बँक मुदतपूर्व भरण्याचे शुल्क लावू शकत नाही. बहुतेक वैयक्तिक कर्जे मात्र स्थिर दराची असतात आणि प्रश्न तिथेच उभा राहतो.

नौपाड्यातील एका नोकरदाराचे उदाहरण घेऊ. समजा, त्याचे १२ टक्क्यांचे चार लाख रुपये शिल्लक आहेत, २४ हप्ते उरले आहेत, हप्ता सुमारे १८,८३० रुपयांचा आहे आणि त्याला एक लाख भरायचे आहेत. शुल्क भरलेल्या रकमेच्या ४ टक्के, म्हणजे ४,००० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,७२० होते. हे वेगळे द्यायचे की त्या लाखातूनच कापले जाणार, हे लेखी विचारावे, कारण कापले गेल्यास मुद्दल लाखाने कमी होत नाही.

दुसरा प्रश्न विचारायला लोक हमखास विसरतात: हप्ता कमी होणार की मुदत? मुदत तीच ठेवून हप्ता घटवला, तर सुमारे १३,००० रुपये व्याज वाचते. हप्ता तोच ठेवला, तर कर्ज अठराव्या हप्त्यात संपते आणि सुमारे २३,५०० वाचतात. शाखेने न विचारता हप्ता घटवून टाकला, तर जवळपास निम्मा फायदा जातो, म्हणून अर्जात ‘मुदत कमी करावी’ असे स्पष्ट लिहावे आणि नंतर हप्त्यांचे सुधारित वेळापत्रक मागून घ्यावे.

एवढ्यावर हिशेब संपत नाही, कारण तोच लाख ६ टक्क्यांच्या मुदत ठेवीत काही मिळवून देणारच होता. म्हणून शुल्काच्या ४.७२ टक्क्यांना दोन दरांतील ६ टक्क्यांच्या फरकाने भागावे. उत्तर सुमारे साडेनऊ महिने येते. भरलेली रक्कम एरवी सरासरी त्याहून जास्त काळ कर्जात राहिली असती, तरच शुल्क वसूल होते. हप्ता घटवल्यास ती सरासरी १३ महिन्यांच्या आसपास भरते, त्यामुळे शेवटी हातात जेमतेम पावणेदोन हजार उरतात. मुदत घटवल्यास सात हजारांहून थोडे अधिक. ठेवीच्या व्याजावरील कर धरला, तर दोन्ही आकडे वाढतात.

आठ-नऊ हप्तेच उरले असतील आणि शुल्क याच दराचे असेल, तर मी भरण्याचा सल्ला देणार नाही. अंशतः भरण्याची कमाल मर्यादा आणि पहिले किती हप्ते झाल्याशिवाय भरता येत नाही, ही कलमेही त्याच मंजुरीपत्रात तपासावीत.