पॅसेज काढला, पण वाट हॉलमध्येच राहिली

प्लॅनिंगमध्ये नवीन असाल तर माझी ही एक चूक नीट वाचा. लातूरला पावणेसहाशे चौरस फूट कार्पेटच्या टूबीएचकेचा प्लॅन माझ्याकडे आला, तेव्हा मला पॅसेज खटकला. तीन फूट रुंद, चौदा फूट लांब, म्हणजे ४२ चौरस फूट नुसती चालायला. मी तो पुसला, हॉल मोठा केला आणि दोन्ही बेडरूम, बाथरूम, किचन यांची दारं थेट हॉलमध्ये उघडली. मालक खूश झाले. मीही.

राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी चहाला बोलावलं, तेव्हा पोटात गोळा आला. मेन डोअर पुढच्या डाव्या कोपऱ्यात, मागच्या बेडरूमचं दार उजवीकडे आत. म्हणजे हॉलमधून तिरकी अठरा फुटांची वाट. ती तीन फुटी धरली तर ५४ चौरस फूट होते. पुसलेल्या पॅसेजपेक्षा जास्त जागा मी खाल्ली होती, फक्त तिला भिंती नव्हत्या. चारी दारं वेगवेगळ्या भिंतींत असल्यामुळे दिवाणाला सलग सहा फूट भिंत मिळेना. आजोबा बातम्या बघायचे आणि बाथरूमला जाणारा प्रत्येक जण टीव्हीसमोरून जायचा. वहिनी एवढंच म्हणाल्या, "हॉल मोठा आहे हो, पण बसायला जागा नाही."

बाथरूमच्या दाराजवळ पाण्याचे दोन ड्रम उभे होते. ज्या लातुरात २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथं ड्रम कुठे ठेवणार हे मी विचारलंच नव्हतं. दोनशे लिटरचा ड्रम जवळपास दोन फूट व्यासाचा असतो. पूर्वी पॅसेजच्या टोकाला उभे राहिले असते, आता वाटेत आले.

तर सापळा हा आहे: पॅसेज पुसल्याने चालणं कमी होत नाही. ते कुठल्या तरी खोलीतून जातंच. म्हणून मी आता आधी खोल्या मांडत नाही. जिन्यामुळे मेन डोअर कुठे येणार ते बघतो, तिथून प्रत्येक दारापर्यंत लाल पेन्सिलने तीन फुटी पट्टा रंगवतो, आणि दिवाण, सोफा, कपाट त्याच मापात कापून कागदावर ठेवतो. लाल पट्टा फर्निचरवरून गेला की प्लॅन फसलाच. मोबाइलवर मिळणारे रेडीमेड प्लॅन इथेच दगा देतात. त्यांत सोफा काढलेला असतो, पण वाट कुणी काढलेली नसते. मला हे ज्या सिनिअरने शिकवलं, ते दाराची मापं घेताना कधीच घाई करत नाहीत. अशा माणसाजवळ दोन वर्षं कमी पगारात काढलेली चालतील.

पुढच्या फ्लॅटमध्ये, साधारण तेवढ्याच जागेत, मी असं केलं. डावीकडे ११ बाय १७ चा हॉल, त्यामागे किचन. उजवीकडे दहा फुटांच्या पट्ट्यात पुढे एक बेडरूम, मागे एक, आणि मध्ये पाच फूट रुंदीची फट. त्या फटीत बाहेरच्या भिंतीला लागून ६ बाय ५ ची बाथरूम, म्हणजे तिला खिडकी मिळते. उरलेली साडेतीन बाय पाचची छोटी लॉबी हॉलच्या मागच्या बाजूला उघडते. तिच्यात तीन दारं: दोन्ही बाजूंना बेडरूम, समोर बाथरूम. किचनचं दार तिच्या शेजारीच. मेन डोअर डाव्या भिंतीत, लॉबीसमोरच्या टप्प्यावर. म्हणजे सगळी ये-जा डायनिंगच्या टोकाला आडवी होते आणि पुढचे अकरा फूट बैठकीला मोकळे राहतात. हॉलमधली ही आडवी वाट सोडली तर वेगळी जागा फक्त साडेसतरा चौरस फूट गेली.

लॉबीच्या तोंडाला पुढच्या बाजूने दीड फुटाची भिंत घेतली आणि बाथरूमचं दार तिच्या आडोशाला ठेवलं. बैठकीत बसलेल्या पाहुण्याला ते दिसत नाही. मेन डोअरमध्ये उभं राहिलं तर थोडं दिसतं, ते मला टाळता आलं नाही. ड्रमना किचनमागच्या ड्राय बाल्कनीत जागा मोजून दिली.

बेडरूमचं दार कोपऱ्यापासून किती सोडायचं, यातही घाई नको. त्या भिंतीला कपाट येणार असेल तर दोन फूट सोडा, नसेल तर चौकट कोपऱ्याला लावा. मधलं एक फूट अंतर कशाच्याच कामाचं नाही.

आणि दार चुकलंच, तर घाबरू नका. पहिल्या घरी आम्ही पुढच्या बेडरूमचं दार साडेचार इंची भिंतीतून साडेतीन फूट मागे सरकवलं. नवा लिंटेल टाकला, स्विचबोर्ड हलवला. तो खर्च मी निम्मा दिला. दिवाणाला आता सात फूट सलग भिंत आहे. तिरकी वाट मात्र अजून तशीच आहे.